साडेचौतीसचे पस्तीस की चौतीस?

दहावी-बारावीच्या निकालाचे काम रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळामार्फत चालते. अकरावीचा निकाल मात्र प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात तयार होतो. कणकवलीसारख्या तालुक्याच्या गावात हे काम बहुतेक वेळा एक्सेलच्या तक्त्यावर होते. अलीकडे एखादे शिक्षक त्यासाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅमही लिहितात. गुण तेच, भागाकार तोच, तरीही दोन्हींकडून येणारे निकाल काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत जुळत नाहीत. फरक एका अर्ध्या गुणाच्या वागणुकीत असतो.

अकरावीच्या मूल्यमापनाची अनेक वर्षे रुळलेली पद्धत अशी आहे: दोन घटक चाचण्या प्रत्येकी 25 गुणांच्या, प्रथम सत्र परीक्षा 50 गुणांची आणि वार्षिक परीक्षा, तोंडी किंवा प्रात्यक्षिक धरून, 100 गुणांची. एका विषयाचे असे 200 गुण होतात. ते निम्मे करून सरासरी काढतात आणि ती 100 पैकी गुण म्हणून गुणपत्रिकेत जाते. दोनशेपैकी मिळालेली बेरीज सम असेल तर काही प्रश्न येत नाही. ती विषम असेल तर उत्तरात नेमका अर्धा गुण उरतो. म्हणजे अर्धा गुण हा इथे क्वचित घडणारा अपवाद नाही. ढोबळमानाने दर दुसऱ्या नोंदीत तो असतो. म्हणूनच या पद्धतीत पूर्णांकनाचा नियम इतर कुठल्याही परीक्षेपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो.

एक्सेलमधील ROUND हे सूत्र शाळेत शिकवलेला नियम पाळते. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर पुढचा पूर्णांक, कमी असेल तर मागचा. 34.5 चे 35 होतात, 35.5 चे 36. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही हेच घडते. पायथनच्या अंगभूत `round` चा नियम वेगळा आहे. संख्या दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्यावर असेल, तर त्या दोहोंपैकी जो सम आहे तिकडे ती वळवली जाते.

```
>>> round(34.5)
34
>>> round(35.5)
36
```

यावर सहसा दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की संगणक दशांश अपूर्णांक अचूक साठवू शकत नाही. इथे ते स्पष्टीकरण लागू पडत नाही. अर्धा म्हणजे दोनाचा छेद, आणि द्विमान पद्धतीत तो तंतोतंत लिहिता येतो. 34.5 ही संख्या संगणकाच्या स्मृतीत काडीचाही फरक न पडता साठवली जाते. पायथनचे 34 हे उत्तर चूक नाही. तो जाणूनबुजून निवडलेला नियम आहे. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत `round` सुद्धा अर्ध्याला वरच नेत असे. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीने हा नियम बदलला.

समाकडे वळण्याचा नियम आला कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक अर्धा वर नेला तर मोठ्या बेरजेत एकाच दिशेने चूक साचत जाते. अकरावीच्याच उदाहरणात पाहता येईल. दोनशेपैकी बेरजेला चाराने भागल्यावर बाकी 0, 1, 2 किंवा 3 उरते. बाकी 0 किंवा 2 असेल तर सरासरी पूर्णांकच येते. बाकी 1 किंवा 3 असेल तर एक्सेल दोन्ही वेळा अर्धा गुण वाढवते. चारही बाक्या सारख्याच प्रमाणात येतात असे धरले, तर प्रत्येक नोंदीमागे सरासरी पाव गुणाची वाढ होते. पायथन बाकी 1 असताना अर्धा गुण कमी करते आणि 3 असताना अर्धा वाढवते, त्यामुळे वर्गाची एकूण सरासरी जागेवर राहते. मोजमापांच्या शास्त्रात हाच गुण हवा असतो. भारतीय मानक संस्थेच्या IS 2 : 1960 या पूर्णांकनाच्या नियमावलीत समाकडे वळण्याचीच रीत सांगितली आहे. संगणकातील अपूर्णांक गणितासाठी 1985 मध्ये ठरलेल्या IEEE 754 या मानकानेही तीच मूळ पद्धत मानली. एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात 2.745 आणि 2.735 या दोन्हींचे 2.74 करायला शिकवतात, तेही याच नियमाने.

गुणपत्रिकेच्या बाबतीत मात्र या नियमाची दुसरी बाजू दिसते, आणि ती विद्यार्थ्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. वर नेण्याच्या पद्धतीत दोनशेपैकी 69 आणि 70 या दोन्हींचे 35 होतात, 71 आणि 72 चे 36, 73 आणि 74 चे 37. प्रत्येक गुणाच्या वाट्याला दोन-दोन बेरजा येतात. समाच्या पद्धतीत 67, 68 आणि 69 या तिन्ही बेरजांचे 34 होतात, 35 फक्त 70 ला मिळतात आणि 71, 72, 73 या तिन्हींना 36. शेजारच्या दोन विद्यार्थ्यांत 69 आणि 71 असा दोनशेपैकी दोन गुणांचा फरक असेल, तर निम्म्याने तो एक व्हायला हवा. गुणपत्रिकेत मात्र तो दोनच राहतो. उलट 71 आणि 73 मधला फरक पूर्ण पुसला जातो. हजारो मोजमापांच्या सरासरीसाठी निर्दोष असलेला नियम एकेका व्यक्तीच्या गुणांसाठी असमान ठरतो. अर्धा गुण विद्यार्थ्याच्या बाजूने वर धरण्याची आपल्याकडची प्रथा म्हणूनच केवळ उदारपणाची नाही, ती जास्त न्याय्यही आहे.

आता एका काल्पनिक विद्यार्थिनीचा पूर्ण निकाल पाहू. फरक स्पष्ट दिसावा म्हणून तिचे आकडे मुद्दाम निवडले आहेत. दोनशेपैकी तिला इंग्रजीत 69, मराठीत 125, भौतिकशास्त्रात 113, रसायनशास्त्रात 97, गणितात 131 आणि जीवशास्त्रात 142 गुण आहेत. निम्मे केल्यावर 34.5, 62.5, 56.5, 48.5, 65.5 आणि 71 येतात. एक्सेलच्या ROUND ने ते 35, 63, 57, 49, 66 आणि 71 होतात, बेरीज 341. पायथनच्या `round` ने 34, 62, 56, 48, 66 आणि 71, बेरीज 337. गणितात दोघांचे एकमत आहे, कारण 65.5 चा जवळचा सम पूर्णांक वरच, म्हणजे 66 आहे. जीवशास्त्रात अर्धा गुणच नाही. उरलेल्या चारही विषयांत एकेका गुणाचा फरक पडला आणि टक्केवारी 56.83 वरून 56.17 वर आली. खरा घाव इंग्रजीत बसतो. उत्तीर्ण होण्यासाठी 35 लागतात. एका तक्त्यात ती उत्तीर्ण आहे, दुसऱ्यात एका विषयात अनुत्तीर्ण.

एक्सेल वापरले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. पुष्कळदा ROUND न वापरता फक्त रकान्याचे फॉरमॅट बदलून दशांश स्थळे शून्य केली जातात. तेव्हा 34.5 च्या जागी 35 दिसतात, पण आत 34.5 च राहतात, आणि SUM आतली संख्या बेरजेला घेते. याच विद्यार्थिनीच्या तक्त्यात 35, 63, 57, 49, 66, 71 असे दिसेल, आणि खाली बेरीज 339 दिसेल, कारण आतली बेरीज 338.5 आहे. हाताने बेरीज केली तर 341 येते. छापील गुणपत्रिकेतील बेरीज जुळत नसेल, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. आणखी एक खाचखळगा मॅक्रोचा आहे. एक्सेलच्याच आतल्या व्हीबीए भाषेतील `Round` समाकडे वळते, तक्त्यातील ROUND वर जाते. मॅक्रोने केलेला निकाल आणि सूत्राने केलेला निकाल एकाच फाइलमध्ये वेगळे येऊ शकतात. पायथनमधील नमपाय आणि पांडास ही साधनेही समाचाच नियम पाळतात.

दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करायचे असेल तेव्हा मात्र द्विमान साठवणुकीची अडचण खरोखर पुढे येते. पदवीच्या श्रेयांक पद्धतीत समजा 40 श्रेयांकांवर 267 श्रेणीगुण मिळाले, तर सरासरी 6.675 येते. एक्सेल ती 6.68 करते. समाच्या नियमानेही उत्तर 6.68 च यायला हवे, कारण 8 सम आहे. पायथन मात्र 6.67 देते. 6.675 ही संख्या द्विमानात संपत नाही, आणि साठवलेली जवळची संख्या 6.675 हून किंचित लहान असते. ती मध्यावर नसतेच, त्यामुळे समाच्या नियमाचा संबंध येत नाही आणि ती सरळ खाली जाते. एक्सेलचे उत्तर मात्र पडद्यावर दिसणाऱ्या दशांश संख्येशी जुळते.

उपाय सोपे आहेत. सरासरी फक्त निम्मी करायची असेल तर अपूर्णांकाला हातच लावू नये. बेरजेत एक मिळवून पूर्णांक भागाकार केला की अर्धा आपोआप वर जातो. दशांश स्थळे हवी असतील तेव्हा `decimal` वापरावे आणि नियम नाव घेऊन सांगावा.

```
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP

gun = (69 + 1) // 2            # 35
sar = Decimal(267) / Decimal(40)
sar.quantize(Decimal("0.01"), rounding=ROUND_HALF_UP)  # 6.68
```

इथे `Decimal(6.675)` असे लिहिले तर चूक परत येते, कारण कंसातली संख्या आधी द्विमानात साठवली जाते आणि तिची किंचित कमी किंमतच पुढे जाते. ती अवतरणचिन्हांत `"6.675"` अशी द्यावी, किंवा वरच्याप्रमाणे भागाकारच `Decimal` मध्ये करावा.

हाती आलेला प्रोग्रॅम कोणता नियम पाळतो हे तपासायला 2.5 ही एक संख्या पुरते: उत्तर 3 आले तर अर्धा वर जातो, 2 आले तर समाकडे. 1.5 ने काहीच कळत नाही, कारण दोन्ही नियम तिचे 2 च करतात. जुन्या निकालात नेमक्या कोणत्या नोंदी बदलल्या असतील हे शोधायचे असेल, तर दोनशेपैकी बेरीज B रकान्यात आहे असे धरून शेजारी `=MOD(B2,4)=1` हे सूत्र टाकावे. जिथे TRUE येईल तिथेच दोन पद्धतींत एका गुणाचा फरक पडतो. त्यातही ज्या ओळीत 69 आहेत ती सर्वांत आधी पाहावी.