पेटीमागे तेहतीस रुपये, पण कोणत्या रस्त्यावर?

पनवेल हे रस्ते फुटण्याचे ठिकाण आहे. मुंबईच्या बाजूस कामोठे आणि खारघरची दाट वस्ती. गव्हाण फाट्यावरून जाणारा रस्ता उरण गाठतो. पळस्पे फाट्यावर गोव्याचा महामार्ग पेणकडे वळतो, तर जुना पुणे रस्ता शेडुंग, चौक, खालापूर करीत बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला जातो. त्यामुळे पनवेलमध्ये गोदाम असलेल्या वितरकाला एकाच छताखालून अनेक दिशांना माल धाडता येतो. मात्र माल सगळीकडे पोहोचतो म्हणून नफाही सगळीकडून येतो, असे नाही. कंपनीकडून मिळणारा दलालीचा टक्का सर्व गावांना एकच असतो. माल पोहोचविण्याचा खर्च मात्र गावागणिक बदलतो.

हा खर्च दोन प्रकारचा असतो. मागणी मिळविण्यासाठी होणारा खर्च म्हणजे विक्रीखर्च. यात सेल्समनचा पगार, त्याचे पेट्रोल, बिले करणारा कारकून हे सारे येते. मिळालेल्या मागणीप्रमाणे माल गोदामात ठेवून, उचलून दुकानाच्या दारात नेण्याचा खर्च म्हणजे वितरणखर्च. पाठ्यपुस्तकांत या दोहोंस मिळून विक्री व वितरण उपरिव्यय म्हणतात; पेढीवरच्या भाषेत तो वरखर्च. भारतीय परिव्यय लेखापाल संस्थेने या विषयावर स्वतंत्र मानक काढले असून त्याचा क्रमांक १५ आहे. त्यानुसार व्याजासारखा वित्तीय खर्च या उपरिव्ययात धरावयाचा नसतो. उधारीत अडकलेल्या रकमेचे व्याज व्यापाऱ्याने जरूर पाहावे. पण ते वेगळ्या ओळीत, माल पोहोचविण्याच्या खर्चात मिसळून नव्हे.

एका दराचा हिशेब

बिस्किटांच्या एका काल्पनिक वितरकाचे उदाहरण घेऊ. त्याच्याकडे दोन छोटे हत्ती आहेत. महिन्यात दोन्ही गाड्या मिळून ५० फेऱ्या होतात आणि ६,००० पेट्या विकल्या जातात. प्रत्येक पेटीवर खरेदी आणि विक्री यांतील फरक ४४ रुपये आहे. महिन्याचा वरखर्च असा:

डिझेल, टायर, ऑईल व दुरुस्ती: ३२,००० रुपये
चालक व मदतनिसांचे पगार, गाड्यांचा विमा व घसारा: ८२,००० रुपये
सेल्समन व बिलिंग: ५४,००० रुपये
गोदामभाडे व हमाली: ३०,००० रुपये

एकूण १,९८,००० रुपये. त्यास ६,००० पेट्यांनी भागले की पेटीमागे ३३ रुपये येतात. ४४ मधून ३३ वजा जाता पेटीमागे ११ रुपये, म्हणजे महिन्यास ६६,००० रुपये नफा. बहुतेक पेढ्यांचा हिशेब येथेच थांबतो, आणि एकूण नफ्यापुरता तो बरोबरही असतो. पण खोपोलीला गेलेल्या ९०० पेट्यांवरही हाच ११ रुपयांचा गुणाकार केला, तर तो मार्ग ९,९०० रुपये कमावतो असे दिसते. हे दिसणे खरे आहे का, याचे उत्तर या सरासरीत नाही.

खर्च कशामुळे वाढतो?

मार्गाचा खर्च काढताना प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारावा: हा कशामुळे वाढतो? डिझेल आणि टायर किलोमीटरने झिजतात. चालकाचा पगार व विमा गाडी किती दिवस अडकली यावर पडतात. उरणच्या वाटेवर बंदराच्या कंटेनरच्या रांगेत गाडी उभी राहिली तरी ते चालूच असतात. सेल्समन आणि कारकुनाचा वेळ पेट्यांत नव्हे, बिलांत जातो. दोन पेट्यांचे बिल आणि दहा पेट्यांचे बिल करायला जवळपास सारखाच वेळ लागतो. गोदाम आणि हमाली मात्र पेट्यांवर चालते.

आपल्या वितरकाच्या गाड्या महिन्यात ३,२०० किलोमीटर फिरल्या. म्हणून किलोमीटरला १० रुपये. ५० फेऱ्यांवर ८२,००० रुपये, म्हणजे गाडीच्या प्रत्येक दिवसाला १,६४० रुपये. १,८०० बिले झाली. बिलामागे ३० रुपये. गोदामाचे पेटीमागे ५ रुपये. टोलसारखा एकाच मार्गाचा खर्च असेल, तर तो वाटण्याचे कारण नाही. तो थेट त्या मार्गाच्या नावे लिहावा.

आता खोपोलीचा मार्ग पाहू. महिन्यात १२ फेऱ्या, प्रत्येक १०० किलोमीटरची, ४०० बिले, ९०० पेट्या. किलोमीटरचे १२,०००, गाडीच्या दिवसांचे १९,६८०, बिलांचे १२,००० आणि गोदामाचे ४,५००. एकूण ४८,१८० रुपये, म्हणजे पेटीमागे सुमारे साडेत्रेपन्न रुपये. मिळतात ४४.

याच दरांनी उरणच्या १२ फेऱ्या, ९६० किलोमीटर, ४०० बिले आणि १,२०० पेट्यांचा खर्च ४७,२८० रुपये येतो. पेटीमागे ३९ रुपये ४० पैसे. पनवेल, कामोठे आणि खारघरच्या २६ फेऱ्या, १,०४० किलोमीटर, १,००० बिले आणि ३,९०० पेट्यांचा खर्च १,०२,५४० रुपये. पेटीमागे सुमारे सव्वासव्वीस. तिन्ही मिळून बेरीज पुन्हा १,९८,००० रुपयेच होते. ती जुळणे हीच या पद्धतीची पहिली पडताळणी. बेरीज जुळली नाही तर एखादी फेरी लिहायची राहिली आहे किंवा एखादा खर्च दोनदा धरला आहे, असे समजावे.

म्हणजे जवळचा मार्ग ६९,०६० रुपये मिळवितो, उरण ५,५२० रुपये, आणि खोपोली ८,५८० रुपये गमावते. याला अंतर हे एकच कारण नाही. पनवेलच्या फेरीत गाडीवर १५० पेट्या चढतात, खोपोलीच्या फेरीत ७५. पनवेलचे बिल सरासरी चार पेट्यांचे, खोपोलीचे सव्वादोन पेट्यांचे. अर्धी रिकामी गाडी आणि लहान बिल, ही दोन कारणे अंतराइतकीच महाग पडतात.

तोट्याचा मार्ग बंद करावा का?

हा आकडा पाहताच पहिला विचार येतो तो खोपोली सोडून देण्याचा. येथेच सर्वांत महाग चूक होते. मार्गाच्या माथी लिहिलेला खर्च आणि मार्ग बंद केल्याने वाचणारा खर्च, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोपोली बंद झाली तर किलोमीटरचे १२,००० रुपये वाचतील. गोदामाच्या ५ रुपयांपैकी २ रुपये हमालीचे धरले, तर तेथे आणखी १,८०० वाचतील. चालक, मदतनीस, सेल्समन आणि गोदामभाडे आहे तसेच राहील. वाचले १३,८०० रुपये. गेली ९०० पेट्यांवरची ३९,६०० रुपयांची मिळकत. नफा ६६,००० वरून ४०,२०० वर येईल. एक गाडी व तिची माणसे खरोखर कमी करता आली, किंवा त्यांना दुसरे कमाईचे काम असेल, तरच बंद करण्याचा विचार निराळा ठरतो.

मग या हिशेबाचा उपयोग काय? तो मार्ग कसा चालवावा हे सांगतो. खोपोलीच्या एका फेरीचा पेट्यांवर न चालणारा खर्च, म्हणजे किलोमीटर, गाडीचा दिवस आणि बिले मिळून, ३,६४० रुपये आहे. प्रत्येक पेटी गोदामाचे ५ रुपये देऊन ३९ रुपये मागे ठेवते. ३,६४० ला ३९ ने भागले की समजते, फेरीत निदान ९४ पेट्या हव्यात. आज जातात ७५.

समजा, फेऱ्या १२ वरून ८ केल्या, दुकानदारांना मागणी एकत्र देण्यास सांगितले आणि बिले २७० वर आली. पेट्या तेवढ्याच राहिल्या तर फेरीस ११२ ते ११३ पेट्या पडतात आणि गाडीत त्या मावतात. मार्गाचा खर्च ३३,७२० रुपये होतो, पेटीमागे साडेसदतीस. तोट्याच्या जागी ५,८८० रुपये उरतात. अट एवढीच की, माल संपलेल्या दुकानदाराने मधल्या दिवसांत दुसऱ्याचा माल घेऊ नये. म्हणून पहिले दोन महिने त्या मार्गाच्या पेट्या बारकाईने मोजाव्यात. विक्री मासिक ९०० वरून घसरू लागली, तर फेऱ्या फार कमी झाल्या असे समजावे.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. खोपोलीचा हिशेब १४,४६० रुपयांनी सुधारला, तरी तिजोरीत प्रत्यक्ष वाचले ते चार फेऱ्यांचे ४,००० रुपयेच. उरलेले १०,४६० हे गाडीचे चार रिकामे दिवस आणि बिलांचा मोकळा वेळ. ही रक्कम उरलेल्या फेऱ्यांवर वाटली, तर गाडीच्या दिवसाचा दर १,६४० वरून १,७८३ रुपयांवर जाईल आणि काहीही न बदललेला पनवेलचा मार्ग उगाच महाग दिसेल. म्हणून दर तोच ठेवून ही रक्कम 'न वापरलेली क्षमता' या नावाने वेगळी लिहावी. खारघरमध्ये नवी दुकाने जोडून ते चार दिवस भरले, की ती आपोआप कमी होते.

याच कारणासाठी दर दरमहा नव्याने काढू नयेत. पावसाळ्यात पेट्या कमी होतात, दिवाळीत वाढतात. पगार आणि भाडे तेच राहते. दरमहा भागाकार केला तर जुलैत प्रत्येक मार्ग वाईट आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक मार्ग चांगला दिसेल. वर्षाचा अंदाजित खर्च आणि वर्षाच्या नेहमीच्या फेऱ्या, बिले व पेट्या धरून दर ठरवावा. एखाद्या महिन्यात ५,००० पेट्याच गेल्या, तर ३३ रुपयांप्रमाणे १,६५,००० रुपयांचीच आकारणी होईल. प्रत्यक्ष खर्च १,९०,००० असेल, तर २५,००० रुपयांची आकारणी कमी पडली असे लिहून ठेवावे. हंगामात जास्त झालेल्या आकारणीने हा फरक वर्षअखेर बहुतांशी भरून निघाला, तर दर योग्य होता. फरक मोठा उरला, तर खर्च वाढला की पेट्या घटल्या, हे शोधून पुढच्या वर्षाचा दर बदलावा.

या सर्वांसाठी लागणारी सामग्री थोडी आहे. प्रत्येक गाडीत एक वही, आणि तिच्यात रोज तारीख, मार्ग, निघताना व परतताना मीटरचा आकडा, बिलांची संख्या, दिलेल्या पेट्या आणि परत आलेल्या पेट्या. परत आलेली पेटी जाताना व येताना दोन्ही वेळा गाडीत जागा अडवते आणि मिळकत काहीच देत नाही. म्हणून मार्गाच्या पेट्या मोजताना ती वजा करावी. एकाच फेरीत दोन गावे होत असतील, तर दुसऱ्या गावासाठी जादा पडलेले किलोमीटर तेवढे त्याच्या नावे लिहावेत आणि सामाईक वाटेचे पेट्यांच्या प्रमाणात वाटावेत. ही वाटणी अंदाजाचीच असते. म्हणून दोन मार्गांच्या खर्चात रुपया-दीड रुपयाचा फरक आला, तर त्यावरून निर्णय घेऊ नये. सव्वीस आणि त्रेपन्न यांतला फरक मात्र कोणत्याही वाटणीने पुसला जात नाही.