कीर्तन दोन तासांचं, फोन पस्तीस मिनिटांचा

सप्ताहाचा शेवटचा दिवस. सकाळी दहाला काल्याचं कीर्तन उभं राहतं. मंडपाच्या खांबाला स्टँड बांधून कुणीतरी फोन लावून ठेवलेला असतो, कारण पुण्या-मुंबईला असलेल्या घरच्यांना अख्खं कीर्तन पाहायचं असतं. निरूपण रंगतं, टाळकऱ्यांचा गजर टिपेला पोचतो, हंडी फुटायची वेळ होते आणि फोनकडे पाहावं तर रेकॉर्डिंग केव्हाच थांबलेलं! स्क्रीनवर तापमानाचा इशारा तरी असतो, नाहीतर जागा संपल्याचा निरोप.

फोन जुना आहे, स्वस्त आहे, असं म्हणून बहुतेक जण त्यालाच दोष देतात. पण महागडा फोनही असाच थांबतो. अनेकदा चूक रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधीच झालेली असते. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात ‘4K 60’ अशी अक्षरं असतात आणि ती तशीच राहून जातात.

या अक्षरांतल्या पहिल्या भागाला रिझोल्यूशन म्हणतात, म्हणजे एका चित्रात किती ठिपके आहेत ते. दुसरा आकडा फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपली जातात त्याचा. 1080p या पर्यायात एका चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात; काही फोनांवर त्यालाच FHD म्हणतात. 4K मध्ये हेच ठिपके सुमारे ८३ लाख होतात, बरोबर चौपट. आता याला सेकंदातल्या चित्रांनी गुणलं की फोनवरचा खरा बोजा कळतो. 1080p वर सेकंदाला ३० चित्रं घेतली तर फोन दर सेकंदाला सुमारे ६ कोटी ठिपके हाताळतो. 4K वर ६० चित्रं घेतली तर सुमारे ५० कोटी. काम आठपट झालं.

हे सगळे ठिपके सेन्सरवरून वाचायचे, त्यांचे रंग नि उजेड सुधारायचे, मग ते दाबून लहान करायचे आणि लगेच साठवायचे. यातली प्रत्येक पायरी बॅटरी खाते आणि खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. लॅपटॉपला आत पंखा असतो. फोनला तो जवळजवळ कधीच नसतो. आतली उष्णता पाठीवरून आणि काचेवरून हवेत जाईल तेवढीच. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये हे जाणवत नाही, कारण फोनच्या अंगात तेवढी ऊब मावते. अर्ध्या तासानंतर मात्र आत तयार होणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या पुढे निघून जाते.

त्यात बाहेरची हवाच तापलेली असेल तर उष्णतेला जायला वाट उरत नाही. ॲपल कंपनी आयफोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावं असं सांगते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या आधीच सावलीतला पारा त्याच्या वर गेलेला असतो. पत्र्याखालच्या मंडपाची गोष्टच वेगळी.

जागेचा हिशोब मात्र उष्णतेसारखा सरळ पटीत चढत नाही. व्हिडिओ साठवताना फोन प्रत्येक चित्र पूर्ण लिहून ठेवत नाही; आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच बहुतेक वेळा लिहितो. सेकंदाला ६० चित्रं घेतली की शेजारशेजारची दोन चित्रं आणखी सारखी असतात, त्यामुळे चित्रं दुप्पट झाली म्हणून फाइल दुप्पट होतेच असं नाही. याचा एक फसवा परिणाम होतो. फाइलचा आकार पाहून कधीकधी ‘फारसा फरक नाही’ असं वाटतं, पण सेन्सरला आणि चिपला दुप्पट चित्रं हाताळावी लागलेलीच असतात. जागा पुरली तरी फोन तापतो तो यामुळे.

आता काल्याच्या कीर्तनाचाच हिशोब मांडून पाहू. कीर्तन दोन तासांचं, पुढे-मागे हंडी आणि आरती धरून अडीच तास, म्हणजे १५० मिनिटं. समजा, हातात आयफोन आहे आणि त्यात ३० जीबी जागा मोकळी आहे. आयफोनमध्ये Settings, मग Camera, मग Record Video उघडलं की प्रत्येक पर्यायाला मिनिटाला किती जागा लागेल याचा अंदाज तिथेच लिहिलेला असतो. मॉडेलनुसार आकडे थोडे मागेपुढे होतात. 4K ला ६० चित्रं घेतली तर मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात. १५० मिनिटांचे ६० जीबी झाले. म्हणजे सव्वा तासातच फोन भरला. 4K ला ३० चित्रं घेतली तर मिनिटाला सुमारे १७० एमबी, एकूण साडेपंचवीस जीबी. कागदावर हे बसतं, पण कीर्तन अर्धा तास लांबलं की संपलं. 1080p ला ३० चित्रं घेतली तर मिनिटाला ६० एमबी, एकूण फक्त ९ जीबी.

हे आकडे Formats मध्ये High Efficiency निवडलेलं असतानाचे आहेत. ही दाबून साठवण्याची नवी पद्धत. तिथे Most Compatible निवडलेलं असेल तर त्याच 1080p ला मिनिटाला साधारण १३० एमबी, म्हणजे दुपटीहून जास्त जागा लागते. जुन्या संगणकावर किंवा टीव्हीवर नव्या पद्धतीची फाइल कधीकधी चालत नाही, एवढी एकच अडचण. पाहणाऱ्यांकडे नवे फोन असतील तर High Efficiency बरं.

अँड्रॉइड फोनांत असे आकडे सहसा लिहिलेले नसतात. तिथे उपाय सोपा आहे. ज्या पर्यायावर रेकॉर्ड करायचं तो लावून मंडपातच बरोबर एक मिनिट रेकॉर्ड करावं आणि गॅलरीत त्या फाइलचा तपशील उघडून आकार पाहावा. तो आला १३० एमबी, तर १५० मिनिटांना १९,५०० एमबी, म्हणजे साडेएकोणीस जीबी. मोकळी जागा याच्या दीडपट असावी. जागा करण्यासाठी जुने व्हिडिओ पुसले तरी ते बहुतेक फोनांत साधारण महिनाभर कचरापेटीत पडून राहतात आणि जागा अडवतात. ती पेटीही रिकामी करावी लागते.

दोन्ही अडचणींवर पहिली कात्री लावायची ती फ्रेम रेटला. कीर्तनकार उभे आहेत, टाळकरी डोलताहेत. हे ३० चित्रांत सहज दिसतं. सेकंदाला ६० चित्रं उपयोगी पडतात ती कबड्डीत किंवा लेझीमच्या जोरकस हालचालींत, नाहीतर नंतर व्हिडिओ संथ करून दाखवायचा असेल तेव्हा. शिवाय ६० चित्रांत प्रत्येक चित्राला उजेड घ्यायला फार तर सेकंदाचा साठावा भाग मिळतो, ३० चित्रांत तिसावा. संध्याकाळच्या मंडपात त्यामुळे ६० चित्रांचा व्हिडिओ अधिक काळपट आणि दाणेदार येतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने काही ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण ३० चित्रांच्या व्हिडिओत कधीकधी पट्टे सरकताना दिसतात. तसं झालं तर २५ चित्रांचा पर्याय घ्यावा. आयफोनमध्ये तो Record Video मधलं Show PAL Formats सुरू केल्यावर दिसतो. पट्टे जातात आणि कामही थोडं कमी होतं.

दुसरी कात्री रिझोल्यूशनला. नातेवाईक हा व्हिडिओ फोनवर किंवा घरच्या टीव्हीवर पाहणार असतील तर 1080p पुरेसं आहे. 4K ची खरी गरज पडते ती नंतर चित्राचा एखादा कोपरा कापून मोठा करायचा असेल तेव्हा. फोन मंडपाच्या पार मागे लावला असेल तर 4K घेण्यापेक्षा तो चार ओळी पुढे आणलेला बरा. आवाजही नीट येतो. फोन अगदीच साधा असेल आणि 1080p वरही तापत असेल तर 720p पर्यंत उतरायला हरकत नाही, मात्र मोठ्या टीव्हीवर चेहऱ्यांची रेखीवता कमी झालेली दिसेल.

उरलेली काळजी फोनभोवतीची. जाड कव्हर काढून ठेवावं. फोन उन्हाच्या तिरिपेत येणार नाही असा खांब निवडावा आणि दहा ते बारा या वेळात ऊन कुठे सरकतं हे आधी पाहावं. स्क्रीनचा उजेड कमी करावा. फोन स्टँडवर स्थिर असल्याने हालचाल सावरणारा जादा पर्याय आणि एचडीआर बंद ठेवता येतात. एअरप्लेन मोड लावला की नेटवर्क शोधण्याचं काम थांबतं. शिवाय मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटण्याचा धोकाही जातो. चार्जिंगने बॅटरी स्वतःच तापते, म्हणून बॅटरी आधीच भरून न्यावी. पॉवर बँक लावावीच लागली तर वायरची लावावी, पाठीला चिकटणारी बिनवायरची नको.

फोन थांबण्याआधी खुणा देतो. स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग अडतं, फ्लॅश चालत नाही, कधी चित्र अडखळू लागतं. अशा वेळी गजर सुरू असताना रेकॉर्डिंग स्वतःहून बंद करावं, फोन सावलीत पंख्याच्या वाऱ्यात धरावा आणि दोन-चार मिनिटांनी पुन्हा लावावा. बर्फावर किंवा फ्रिजमध्ये तो ठेवू नये. गरम फोन एकदम थंड झाला की आत बाष्प जमू शकतं.

खरं तर खुणांची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने फाइल तोडणंच शहाणपणाचं. व्हिडिओच्या फाइलची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवताना, अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच बॅटरी संपून फोन बंद पडला तर ती लिहायची राहते आणि दोन तासांची फाइल जागेवर असूनही उघडत नाही. अर्ध्या तासाचे पाच तुकडे असतील तर गेला तर एकच तुकडा जातो.

या हिशोबाने काल्याच्या कीर्तनाची मांडणी अशी होते: 1080p, सेकंदाला ३० किंवा २५ चित्रं, एअरप्लेन मोड, कव्हर काढलेलं आणि अर्ध्या तासाचे पाच तुकडे. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच खांबाला फोन लावून वीस मिनिटं रेकॉर्ड करून पाहावं. तेवढ्यात पाठ हाताला चटका देऊ लागली तर खांब बदलायला एक दिवस हातात असतो.