डिशच्या तारेला चुंबक चिकटतो, म्हणजे फसवणूक झाली का?

नांदेड-लातूरकडे गच्चीगच्चीवर टीव्हीची डिश दिसते. तिथून खाली येणाऱ्या केबलचा उरलेला तुकडा घरात असेल, तर त्याच्या मधल्या तांबूस तारेला चुंबक लावून बघा. बऱ्याचदा तो चिकटतो. तार आतून पोलादाची आणि वरून तांब्याचा पातळ थर! एका पालकांनी मला विचारलं, "सर, हे तर नकली तांबं झालं ना?" प्रश्न रास्त आहे, आणि बारावीच्या मुलांना स्किन इफेक्ट शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तारेतला प्रवाह सतत दिशा बदलत असला, की त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही बदलतं. हे क्षेत्र तारेच्या आतही असतं. ते बदललं की तारेच्या धातूतच प्रवाहाचे छोटे भोवरे तयार होतात. मध्यभागी हे भोवरे मूळ प्रवाहाच्या उलट वाहतात, पृष्ठभागाजवळ त्याच दिशेने. म्हणून प्रवाह बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. पृष्ठभागापासून ज्या खोलीवर त्याची घनता सुमारे ३७ टक्के उरते, ती स्किन डेप्थ. तांब्यासाठी मुलांना हे सोपं सूत्र द्या (f हर्ट्झमध्ये, उत्तर मिलिमीटरमध्ये):

```
δ = 66 / √f
```

डिशकडून खाली येणारा सिग्नल साधारण १ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. १ गिगाहर्ट्झला उत्तर येतं ०.००२ मिमी. आता मधली तार साधारण १ मिमी जाड आणि तांब्याचा थर ०.०३ मिमी धरा. थर स्किन डेप्थच्या पंधरापट झाला! सिग्नल पोलादापर्यंत पोचतच नाही. त्याच्या दृष्टीने तार शुद्ध तांब्याचीच.

पण याच तारेतून सेट-टॉप बॉक्स डिशवरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा डीसी पुरवठाही करतो. डीसीला स्किन इफेक्ट नाही, तो पोलादातूनही जातो. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.१ ओहम, म्हणजे तांब्याच्या जवळपास पाचपट. २० मीटर केबल आणि ०.२ अँपिअर प्रवाह धरला, तर ०.४ व्होल्ट घटतात. काही बिघडत नाही. १५० मीटरला मात्र ३ व्होल्ट जातात आणि १८ चे १५ उरतात. एलएनबी १३ आणि १८ मधल्या फरकावरूनच ध्रुवण बदलतो, त्यामुळे काही चॅनेल दिसतात आणि काही गायब होतात. केबल लांब असेल तर ही खूण लक्षात ठेवा.

बोअरच्या मोटारीची केबल ही मात्र वेगळी गोष्ट. ५० हर्ट्झला स्किन डेप्थ ९.३ मिमी येते, तारेच्या जाडीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे सगळा धातू वापरला जातो. तिथे चुंबक चिकटला तर तक्रार जरूर करा. नाही चिकटला तरी निर्धास्त होऊ नका. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरं चकाकलं तर ते तांबं नव्हे.