असं का होतं? : तुकड्यांचा सिनेमा

घाटातल्या बोगद्याजवळ रेंज घसरली की मोबाइलवरचा व्हिडिओ धूसर होतो, पण बऱ्याचदा थांबत नाही. कारण तो एकसंध फाइल म्हणून येतच नसतो. दहा मिनिटांच्या व्हिडिओचे सर्व्हरवर सहा-सहा सेकंदांचे 100 तुकडे असतात आणि प्रत्येक दर्जाचा संच वेगळा. `.m3u8` ही साधी मजकुराची यादी प्लेअरला तुकड्यांचा क्रम आणि पत्ते सांगते. आधीचा तुकडा किती वेगाने आला ते पाहून पुढचा कुठल्या संचातून मागवायचा, हे प्लेअरच ठरवतो.

मध्येच संच बदलता येतो, कारण तुकडा सहसा पूर्ण चित्राने सुरू होतो. त्यानंतरची बहुतेक चित्रं म्हणजे काय बदललं याची नुसती नोंद. त्यामुळे हवं तिथे कापून चालत नाही.

हेच तुकडे जोडायचे तर? `.ts` तुकडे 188 बाइटच्या पाकिटांचे असतात, मालगाडीच्या डब्यांसारखे. एकामागे एक लावले की बऱ्यापैकी भागतं. एमपी4ला मात्र सगळ्या चित्रांची अनुक्रमणिका लागते. ती असा आदेश लिहून देतो:

```
ffmpeg -i yadi.m3u8 -c copy film.mp4
```

`copy` म्हणजे चित्रांना हात न लावता फक्त वेष्टन बदलणं. म्हणून दर्जा घसरत नाही आणि काम झटपट उरकतं. मधला एखादा तुकडा हुकला, तर तिथे चित्र सहा सेकंद गोठतं, पण फाइलची लांबी तेवढीच दिसू शकते. तेव्हा लांबीवर विसंबू नये, तुकडे मोजावेत.