देव्हारा की देवघर?

कऱ्हाडला माझ्या मावसभावाचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. सागवानी देव्हारे ही त्याची खासियत. वेबसाइट केली, हौसेनं मराठीत मजकूर लिहिला, पण वर्षभरात गूगलवरून एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. दिवाळीत त्याच्याकडे गेलो तेव्हा आम्ही दोघं मोबाइल घेऊन बसलो.

पहिली खोट लगेच सापडली. देव्हाऱ्यांच्या पानावरची मापं आणि किमती बोटानं दाबून निवडता येईनात. डिझायनरनं सगळा मजकूर फ्लेक्ससारखा चित्रातच घातला होता. चित्रातली अक्षरं गूगल वाचेलच, असा भरवसा नसतो. आम्ही तो मजकूर साधा टाइप करून घातला.

दुसरी खोट शब्दांची. गूगलच्या मोफत ‘सर्च कन्सोल’मध्ये आपलं पान कोणत्या शब्दांना दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, याची यादी मिळते. भाऊ सगळीकडे ‘देव्हारा’ लिहायचा. यादीत मात्र बहुतेक लोक ‘देवघर’ शोधत होते, तेही इंग्रजी अक्षरांत, devghar असं. पण नुसतं ‘देवघर’ धरून चालत नाही. झारखंडात वैद्यनाथाचं देवघर आहे. त्या शब्दाला आधी तीर्थक्षेत्र येणार, आपला देव्हारा नव्हे. शिवाय ‘देवघर डिझाइन’ शोधणाऱ्याला बरेचदा फोटोच बघायचे असतात. ‘सागवानी देवघर किंमत’ लिहिणारा खरा गिऱ्हाईक.

म्हणून पानाचं शीर्षक बदललं. गूगलच्या निकालात निळ्या अक्षरांत बहुधा तेच दिसतं. आधी तिथे होतं ‘उत्कृष्ट कलाकुसरीचे माहेरघर’. हे कोण शोधणार? आता आहे: ‘सागवानी देव्हारा, लाकडी देवघर: मापं आणि किंमत, कऱ्हाड’. मजकुरातही दोन्ही शब्द बोलण्याच्या ओघात येतात. एकच शब्द वीसदा कोंबला तर वाचणारा पळतो आणि गूगलही त्याला भुलत नाही. फोटोंची नावंही `IMG_2041.jpg` होती, ती `sagwan-devghar-2-foot.jpg` अशी केली आणि प्रत्येक फोटोला एका ओळीचं मराठी वर्णन जोडलं.

पानाचा पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवला. देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर पाठवला की त्याची बरेचदा `%E0%A4` छाप माळ होते. एकट्या ‘सागवान’ची ५४ अक्षरं होतात. अशी लिंक बघून लोकांना फसवणूक वाटते.

मग सर्च कन्सोलमध्ये पान पुन्हा तपासायची विनंती टाकली आणि थांबलो. दुसऱ्या दिवशी निकाल बघून निराश व्हायचं नाही. फरक कळायला काही आठवडे जातात. पहिला नंबर लागेल याची हमी कुणी देत असेल, तर त्याला पैसे देऊ नका.

दोन महिन्यांनी यादीत एक नवाच प्रश्न वर आला: देव्हारा कोणत्या दिशेला ठेवावा? भावानं त्यावरही एक पान लिहिलं आणि खाली मापं, किमती दिल्या. आता फोन येतात, पण त्यातले निम्मे दिशाच विचारतात.