दुपारचा तेलकट चेहरा

चमक रोखायला मॅट मॉइश्चरायझर आणि प्रायमर या दोन्हींचीही भिस्त बहुधा सिलिकाच्या बारीक, सच्छिद्र कणांवर असते. हे कण तेल शोषतात आणि प्रकाश विखुरतात, म्हणून त्वचा कोरडी दिसते. प्रायमरमध्ये शिवाय डायमेथिकोनसारखं सिलिकोन असतं, ते रंध्रांवरून गुळगुळीत थर देतं. पण कणांची छिद्रं भरली की काम संपतं. सकाळी दहाला लावलेलं प्रायमर मुंबईच्या मे महिन्यात दोन-तीनपर्यंत हात टेकतं, कारण तैलग्रंथी थांबत नाहीत. त्यावर आणखी थर चढवले तर गोळ्या सुटतात. मॉइश्चरायझर मुरायच्या आत प्रायमर चोळलं तरी तेच.

इथे टिपकागदच खरा उपयोगी, कारण तो तेल झाकत नाही, उचलून नेतो. कपाळावर आणि नाकाच्या बाजूंना पाच सेकंद दाबा, घासू नका. कागद पारदर्शक झाला आणि वाळल्यावरही तसाच राहिला तर ते तेल. वाळून पुन्हा पांढरा झाला तर नुसता घाम. घामावर मॅट क्रीमचा फारसा इलाज नाही, पंखा बरा. पावडर लावायचीच असेल तर आधी टिपा. नाहीतर तेलात ती कालवली जाऊन ठिपके उठतात.