एका लॉगिनवर सगळं घर

हॉटेलचं वायफाय खोली क्रमांक विचारून एकाच उपकरणाला आत घेतं. ओळख पटते ती त्याच्या मॅक पत्त्यावरून. खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर रिपीटर मोडमध्ये हॉटेलच्या वायफायला जोडायचा आणि फोन राउटरच्या वायफायला. मग फोनवर लॉगिन केलं, तरी हॉटेलला दिसतो तो राउटरच. त्यामागचे लॅपटॉप, टॅब मग आपोआप चालतात.

लॉगिनचं पान उघडतच नसेल, तर बहुधा राउटरवरचं व्हीपीएन किंवा स्वतः निवडलेलं डीएनएस आड येतं. ते तात्पुरतं बंद करून neverssl.com उघडावं. वेग मात्र सगळ्यांत वाटला जातो. आणि हॉटेलच्या अटींत हे बसतं का, तेही आधी वाचावं.